पावणेआठ म्हणजे ७.४५ नव्हे: तासांची शीट आठ महिने वापरून

दादरमध्ये आमचा छोटा ब्युरो आहे. घरी आजारी किंवा वयस्क माणूस असेल तर तासावर मावशी पाठवतो. पगाराचा हिशेब माझ्याकडे. आधी तो वहीत आणि कॅल्क्युलेटरवर व्हायचा, गेले आठ महिने गूगल शीटवर होतो. हा अनुभव त्या शीटचा. आता ती नीट चालते, पण पहिले चार महिने मी तिच्यात मिनिटं चुकीची भरत होते, म्हणून सुरुवात तिथूनच.

मावशी चिठ्ठीवर लिहून आणतात: आले ९:१०, गेले १६:५५. म्हणजे ७ तास ४५ मिनिटं. मी शीटमध्ये ७.४५ टाकायचे आणि १२० रुपये दराने गुणायचे. ८९४ रुपये. कागदावर बघायला अगदी बरोबर वाटतं.

चौथ्या महिन्यात परळच्या एका घरी जाणाऱ्या मावशी पगाराचा कागद घेऊन माझ्या टेबलापाशी आल्या. सातवीपर्यंत शिकलेल्या, पण पाढे पक्के. एका ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "ताई, ही पावणेआठ तासांची ड्युटी ना? आठ तासांचे नऊशे साठ. त्यातून पाव तासाचे तीस गेले, नऊशे तीस. तुम्ही आठशे चौऱ्याण्णव लावलेत." मी कॅल्क्युलेटर काढला. ८९४ च. परत केलं, परत ८९४. त्या शांतपणे उभ्या होत्या आणि मला घाम फुटला होता.

कॅल्क्युलेटर खोटं बोलत नव्हता. ७.४५ मधले ४५ तो शंभरातले धरतो आणि आपली मिनिटं साठातली असतात. १२० दराने एका मिनिटाचे २ रुपये होतात, मी १ रुपया २० पैसे देत होते. त्या मावशींचा तो महिना पुन्हा मांडला. २६ दिवस, पूर्ण तासांची बेरीज १८१, वरच्या मिनिटांची ७८०. ७८० मिनिटं म्हणजे १३ तास, एकूण १९४. माझ्या शीटमध्ये १८८.८० दिसत होते. ५.२ तास कमी, म्हणजे ६२४ रुपये. एका बाईचे, एका महिन्याचे.

गंमत म्हणजे आपल्या बोलण्यात हे दशांश आधीपासूनच आहेत. सव्वासात म्हणजे ७.२५, साडेसात म्हणजे ७.५, पावणेआठ म्हणजे ७.७५. पावकी, निमकी, पाऊणकी पाठ असलेल्या माणसाची ही चूक झालीच नसती. मधल्या मिनिटांसाठी मी एवढंच लक्षात ठेवलं आहे की ६ मिनिटं म्हणजे ०.१ तास. १८ मिनिटं ०.३, ४२ मिनिटं ०.७. कागद समोर आला की तेवढ्यावर नजर फिरवून चूक कळते.

आता शीट अशी आहे. B मध्ये आल्याची वेळ, C मध्ये गेल्याची, दोन्ही मध्ये कोलन देऊन. D मध्ये तास, E मध्ये रुपये.

```
D2: =MOD(C2-B2,1)*24
E2: =D2*120
```

२४ ने गुणायचं कारण, शीटच्या पोटात पूर्ण दिवस म्हणजे १. सकाळचे सहा म्हणजे ०.२५, दुपारचे बारा म्हणजे ०.५. त्यामुळे ७:४५ हे आत ०.३२२९ असं काहीतरी असतं. २४ ने न गुणता थेट १२० ने गुणलं तर दिवसाचा पगार ३८ रुपये ७५ पैसे येतो. ही चूक निदान लगेच डोळ्यात भरते. दुसरी फसवी आहे: सूत्र बरोबर असूनही D मध्ये १८:०० दिसतं. तेव्हा आत ७.७५ च असतात, पण रकाना वेळेच्या रूपात असल्यामुळे शीट ते पावणेआठ दिवस समजते, पूर्ण दिवस लपवते आणि उरलेल्या पाऊण दिवसाचे १८ तास दाखवते. रकान्याचं स्वरूप साध्या संख्येचं केलं की मिटतं.

MOD रात्रपाळीसाठी. रात्री आठला लागून सकाळी आठला सुटणाऱ्या मावशींचे तास साध्या वजाबाकीत उणे १२ येतात, MOD मुळे १२ येतात. पण चोवीस तासांच्या ड्युटीला हेच सूत्र दगा देतं. आठ ते दुसऱ्या दिवशी आठ लिहिलं की उत्तर शून्य, आणि शून्य पगार. त्या ओळींमध्ये मी वेळेबरोबर तारीखही टाकते आणि MOD काढून `=(C2-B2)*24` ठेवते.

मागच्या चार महिन्यांची भरपाई करायची होती. शेकडो ओळी पुन्हा टाइप करायच्या, या विचारानेच पोटात गोळा आला. मग एक सूत्र सापडलं, मुळात अपूर्णांकात लिहिलेल्या भावांसाठीचं:

```
=DOLLARDE(7.45,60)
```

हे ७.७५ देतं. टिंबापुढचे दोन अंक ते साठातले धरतं. जुना रकाना पाच मिनिटांत सुधारला, पण सगळा नाही. ७.५० टाकलं की शीट शेवटचं शून्य गाळते, राहतं ७.५. आणि घाईत ७ तास ५ मिनिटंही मी ७.५ च लिहिलं होतं. सूत्र दोन्हीला ७ तास ५० मिनिटं समजतं. अशा ओळींसाठी जुन्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा उपसावा लागला. ७ तास ५ मिनिटांच्या काही दिवसांना ८५० ऐवजी ९०० गेले होते असंही त्यात निघालं. ते परत मागितले नाहीत, कुठल्या तोंडाने मागणार?

आणखी एक बारीक गोष्ट. आमचे भागीदार शीटवर विश्वास न ठेवता छापलेल्या कागदावरून कॅल्क्युलेटरने ताळा करतात. रोज ७ तास २० मिनिटं असतील तर कागदावर ७.३३ छापलं जातं. ते २६ दिवसांनी आणि १२० ने गुणून २२,८६९ रुपये ६० पैसे काढतात, शीट म्हणते २२,८८०. शीट बरोबर आहे, कारण तिच्या आत ७.३३३३ अशी शेपटी शिल्लक असते. म्हणून मी दिवसाचे तास कधीच दोन अंकांत कापत नाही, गोलाई फक्त शेवटच्या रुपयांना देते. कागदावर आता महिन्याचे एकूण तास-मिनिटंही छापते, तिथे D ची बेरीज २४ ने भागून `[h]:mm` हे स्वरूप द्यावं लागतं. नुसतं `h:mm` ठेवलं तर २६ तास ३० मिनिटांचे २:३० दिसतात.

तक्रार एकच उरली आहे, मोबाइलची. लोकलमध्ये उभ्याने चिठ्ठ्या भरताना कोलन शोधायला कीबोर्ड बदलावा लागतो आणि बोट सवयीने टिंबावर जातं. त्यावर उपाय म्हणून B आणि C ला रंगाचा नियम लावला आहे:

```
=OR($B2>=1,$C2>=1)
```

दिवसातली कुठलीही वेळ आत १ पेक्षा लहानच असते, त्यामुळे ९.१० किंवा १६.५५ टाकलं की ओळ लाल होते. तारीख घातलेल्या चोवीस तासांच्या ओळीही लाल होतात. त्या तशाच ठेवल्या आहेत, महिन्याला चार-पाचच असतात आणि त्या मी नाहीतरी हाताने तपासते.