टीव्हीवर कोड, फोनवर खातं: सात महिन्यांच्या वापरानंतर

रिमोटच्या बाणांनी पासवर्ड टाइप करणं ज्यांनी केलंय त्यांना कोडची पद्धत का हवीहवीशी वाटते ते सांगायला नको. एक कॅपिटल अक्षर, एक आकडा, एक @ आणि शेवटी कळतं की तिसरं अक्षर चुकलंय. कोडने साइन इन करताना टीव्हीवर काहीच टाइप करावं लागत नाही. सात महिन्यांत दोन टीव्ही आणि एका स्टिकवर ही पद्धत वापरून झाली. सोय खरी आहे, पण एक गोष्ट नीट समजली नाही तर गोंधळही तितकाच होतो.

ती गोष्ट अशी: कोड फक्त 'कोणता टीव्ही' एवढंच सांगतो. 'कोणाचं खातं' हे फोन ठरवतो.

यूट्यूबचं उदाहरण घेऊ. टीव्हीवर ॲप उघडून साइन इन निवडलं की दोन-तीन पर्याय येतात. त्यातला वेब ब्राउझरचा पर्याय घेतला की पडद्यावर एक पत्ता आणि कोड दिसतो. फोनच्या ब्राउझरमध्ये `youtube.com/activate` उघडायचं, कोड टाकायचा, खातं निवडायचं आणि परवानगी द्यायची. नेटफ्लिक्सला `netflix.com/tv8`, प्राइम व्हिडिओला `primevideo.com/mytv`, रीत तीच. बऱ्याच ॲपमध्ये शेजारी क्यूआर कोडही असतो. तो स्कॅन केला तर पत्ता टाइप करायचंही काम वाचतं.

फोनवर परवानगी दिल्यावर टीव्ही लगेच हलत नाही, आणि इथेच घाई नडते. टीव्हीला तुमच्या फोनशी बोलता येत नाही. तो कंपनीच्या सर्व्हरला ठरावीक अंतराने विचारत राहतो, 'झालं का, झालं का?' या पद्धतीच्या मानकात, म्हणजे ऑगस्ट २०१९च्या आरएफसी ८६२८मध्ये, वेगळं काही सांगितलं नसेल तर हे अंतर पाच सेकंदांचं धरलंय. म्हणून चार-पाच सेकंद पडदा तसाच राहणं स्वाभाविक आहे. तेवढ्यात कोणी 'अडकलं वाटतं' म्हणून रिमोटचं बॅक दाबलं, तर तो कोड वाया जातो. पुन्हा आत गेल्यावर नवा कोड मिळतो, जुना फोनवर कितीही वेळा टाकला तरी उपयोग नाही. कोडला मुदतही असते. चहा ठेवून परत येईपर्यंत बहुतेक वेळा चालतो, जेवण करून आल्यावर नाही.

टीव्ही सर्व्हरशी बोलतो आणि फोनही सर्व्हरशीच बोलतो, म्हणून दोघं एकाच वायफायवर असण्याची गरज नाही. फोन मोबाइल डेटावर असला तरी चालतं. याचा खरा उपयोग गावाकडच्या टीव्हीला होतो. टीव्ही साताऱ्यात, खातं पुण्यातल्या मुलीचं. आई फोनवरून कोड वाचून दाखवते, मुलगी पुण्यात बसून टाकते, परवानगी देते आणि साताऱ्याचा पडदा उघडतो. पासवर्ड फोनवर ओरडून सांगावा लागत नाही. ओटीपी आला तरी मुलीच्याच हातात येतो. (नेटफ्लिक्सने भारतात जुलै २०२३पासून एक खातं एका घरापुरतं ठेवलंय, त्यामुळे तिथे हा मार्ग पुढे अडतो.) मात्र 'जवळच्या फोनने साइन इन' असा जो वेगळा पर्याय काही टीव्हींवर असतो, त्यात फोन शेजारी किंवा त्याच वायफायवर लागतो. दोन्ही पर्याय एकच समजले जातात आणि वायफायला उगाच शिव्या बसतात.

फोनवर सांगताना अक्षरं चुकतात. 'बी' की 'डी', 'एम' की 'एन'? `BKTR-MZQW` असा कोड असेल तर 'बी फॉर बॉल' पद्धतीनेच सांगावा. मधली आडवी रेघ सहसा टाकली-न टाकली तरी चालते. कोडमध्ये स्वर नसावेत असं मानक सुचवतं, म्हणजे चुकून एखादा नको तो शब्द तयार होत नाही. पण सगळ्याच कंपन्या ते पाळत नाहीत, म्हणून ओ आणि शून्य दोन्ही करून बघावे लागतात. नुसत्या आकड्यांचा कोड सगळ्यात सोपा. त्यातही आपल्याकडची एक खोच आहे: फोनचा कीबोर्ड मराठीवर असेल आणि `4821`ऐवजी ४८२१ टाइप झालं, तर बरोबर कोडसुद्धा चुकीचा ठरू शकतो. आकडे दिसायला बरोबर आणि तरी कोड नाकारला जातोय, असं झालं की आधी कीबोर्ड इंग्रजीवर न्यावा.

सर्वांत जास्त वेळा चुकतं ते खातं. फोनच्या ब्राउझरमध्ये जे खातं आधीच उघडं असतं, त्यावरच परवानगीचं पान येतं. घाईत दाबलं की हॉलमधल्या टीव्हीवर ऑफिसचं खातं बसतं, आणि घरच्यांनी पाहिलेल्या सगळ्याचा इतिहास त्यात जमा व्हायला लागतो. परवानगीच्या पानावर वर कोणता ईमेल आहे तो वाचा, मगच दाबा. सोपा उपाय म्हणजे इन्कॉग्निटो टॅबमध्ये पत्ता उघडायचा. तिथे खातं मुद्दाम टाकावंच लागतं. पत्ता उघडताना ब्राउझरऐवजी फोनमधलं ॲपच उघडत असेल, तरी हाच उपाय चालतो.

पत्ता ॲड्रेस बारमध्ये अक्षरशः टाइप करायचा, सर्चमध्ये शोधायचा नाही. शोधल्यावर 'ॲक्टिव्हेशन' नावाची नकली पानं येतात. कोड टाकला की 'चूक झाली, या नंबरवर फोन करा' असं सांगतात. पलीकडचा माणूस शुल्क मागतो किंवा स्क्रीन शेअरिंगचं ॲप टाकायला लावतो. टीव्ही जोडायला वेगळं शुल्क नसतं आणि कोणाशी फोनवर बोलावंही लागत नाही. उलट बाजूही तितकीच धोक्याची: कोणी अनोळखी माणसाने पाठवलेला कोड तुमच्या फोनवर टाकून परवानगी दिली, तर तुमचं खातं त्याच्या पडद्यावर उघडतं. पासवर्ड न देताही. आपल्या समोरच्या किंवा घरच्या माणसाच्या टीव्हीवर दिसतोय तेवढाच कोड टाकायचा.

इंटरनेट चालू, इतर गोष्टी ठीक, पण कोडच येत नाही किंवा 'कनेक्ट होऊ शकत नाही' असं दिसतं, तेव्हा टीव्हीची तारीख बघा. वीज गेल्यावर काही स्वस्त टीव्हींचं घड्याळ मागच्या कुठल्यातरी वर्षात जातं. सुरक्षित जोडणीच्या प्रमाणपत्राची मुदत त्या तारखेशी जुळत नाही आणि टीव्ही सर्व्हरवर विश्वासच ठेवत नाही. सेटिंगमध्ये वेळ 'आपोआप' केली की बहुतेकदा सुटतं.

एकदा जोडलेला टीव्ही सात महिन्यांत स्वतःहून साइन आउट झाला नाही. टीव्हीकडे पासवर्ड नसतो, सर्व्हरने दिलेली एक किल्ली असते. भाड्याचं घर सोडताना किंवा टीव्ही विकताना ती काढून घ्यायची. टीव्ही हाताशी असेल तर तिथूनच साइन आउट करावं. तो आधीच गेला असेल, तर गूगल खात्याच्या जोडलेल्या ॲपच्या यादीत `YouTube on TV` ही नोंद शोधून तिची परवानगी काढावी. नोंद टीव्हीगणिक वेगळी नसते, म्हणून त्या खात्याचे सगळेच टीव्ही एकदम बाहेर पडतात. हॉलमधल्या आणि साताऱ्याच्या टीव्हीसाठी नवा कोड घेण्याची तयारी ठेवूनच ते बटण दाबा.