खडी क्रशरवरचा कॅमेरा: आयपी आकडे वाचून घेतल्यानंतरचे आठ महिने

लांज्याजवळच्या आमच्या खडी क्रशरवर फेब्रुवारीत कॅमेरा बदलला, तेव्हा धूळ आणि पाण्यापासून कवच किती बचाव करते ते सांगणारे खोक्यावरचे आयपी आकडे मी प्रथमच नीट वाचले. जुना कॅमेरा आयपी ५४ होता. त्यातला पहिला आकडा धुळीचा. ५ म्हणजे थोडी धूळ आत जाऊ शकते, पण कामात अडथळा येण्याइतकी नाही, असे मानक सांगते. मात्र क्रशरची भुकटी महिनोन्‌महिने बसत राहिली, काचेच्या आतून थर धरला आणि रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की तोच थर उजळून चित्र पांढरे पडू लागले. म्हणून या वेळी पहिला आकडा ६ हवा, एवढे पक्के होते.

दुसऱ्या आकड्यावर मात्र मी चुकणार होतो. मोठा आकडा तो चांगला, असे धरून मी आयपी ६७ चा कॅमेरा उचलत होतो. पण ७ ची चाचणी म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास बुडवणे, तर ६ ची चाचणी म्हणजे अडीच-तीन मीटरवरून मिनिटाला १०० लिटर पाण्याचा झोत सर्व बाजूंनी मारणे. ७ मध्ये ६ आपोआप येत नाही, म्हणून दोन्ही उतरलेल्या वस्तूवर दोन्ही आकडे छापलेले असतात. खांबावरचा कॅमेरा बुडणार नाही, त्याला वाऱ्याबरोबर आडवा येणारा कोकणातला पाऊस झेलायचा आहे. मी आयपी ६६ घेतला. (डंपर धुण्याच्या प्रेशर पंपाचा फवारा जवळून मारला, तर त्याला ६ पुरत नाही. पोरांना तशी ताकीद दिली आहे.)

उन्हाळा निर्धोक गेला. जुलैत मात्र पाऊस लागला की चित्र जाऊ लागले. कॅमेरा उघडला, तर आत थेंबही नव्हता. दोष निघाला शेपटीसारख्या बाहेर आलेल्या वायरच्या टोकाला: नेटवर्क केबलच्या जोडाच्या पिनांवर हिरवट गंज चढला होता. जोडावर चढवायची रबरी वायसर असलेली टोपी खोक्यातच राहिली होती आणि बसवणाऱ्याने नुसती चिकटपट्टी गुंडाळली होती. आयपी आकडा कॅमेऱ्याच्या कवचाचा असतो. उघड्या जोडाला तो लागू होत नाही. शिवाय केबल वरून थेट जोडात उतरत असल्याने पाणी तिच्या अंगावरूनच आत येत होते. टोक कापून नवा कनेक्टर लावला, टोपी घट्ट बसवली, जोड डब्यात घेतला आणि केबलला डब्याखाली झोळ देऊन मग ती वर घेतली, जेणेकरून पाणी झोळाच्या तळाशी गळून जाईल. ऑगस्टपासून एकदाही चित्र गेलेले नाही.

कधीकधी पहाटे काचेवर आतून धुके दिसते आणि ऊन चढले की जाते. हे कवचात आधीपासून असलेल्या हवेतले बाष्प आहे, आणि आयपी चाचणी ते तपासत नाही. धुक्याऐवजी थेंब दिसले किंवा दुपारपर्यंत ते टिकले, तर मात्र मी वायसर उघडून पाहीन.