फोटोतला लेथ आणि गेलेले शहाण्णव हजार

शिरोली एमआयडीसीत माझं छोटं जॉबवर्कचं शेड आहे. मागच्या दिवाळीआधी सहा फुटी लेथ, म्हणजे धातू फिरवून कातायचं मशीन, हवा होता. बाहेरच्या राज्यातल्या एका विक्रेत्याने व्हॉट्सॲपवर कॅटलॉग पाठवला. प्रशस्त शेड, फरशीवर पिवळे पट्टे, वर क्रेन आणि मधोमध हिरवागार लेथ. किंमत २,४०,००० रुपये, चाळीस टक्के ॲडव्हान्स. मी ९६,००० भरले. दोन दिवसांनी फोन बंद.

आमच्या जुन्या टर्नरकाकांनी तो फोटो मोबाईलवर मोठा करून पाहिला आणि म्हणाले, "मालक, ह्येच्यावर आटं कसं पाडायचं?"

लेथच्या पुढच्या अंगाला, लांब पाटासारख्या बेडखाली, लीड स्क्रू आणि फीड रॉड हे दोन दांडे आडवे जातात. लीड स्क्रूवर आटे असतात, फीड रॉड गुळगुळीत. हत्यार धरून बेडवर सरकणारा भाग म्हणजे कॅरेज, आणि त्याची पुढची पेटी म्हणजे एप्रन. दोन्ही दांडे एप्रनमधून आरपार जाऊन उजव्या टोकाला टेलस्टॉककडच्या ब्रॅकेटमध्ये टेकतात. एप्रनमधला हाफ नट लीड स्क्रूला धरतो, म्हणून कॅरेज दर फेरीला ठरलेलं अंतर, म्हणजे पिच, सरकतं आणि आटे पडतात. फोटोत एप्रनच्या डावीकडे दोन दांडे होते, उजवीकडे एकच, आणि तोही बिनआट्यांचा. म्हणजे कॅरेज टेलस्टॉककडे नेलं की लीड स्क्रूच संपला! हे मशीन कुठल्याच कारखान्यात उभं नव्हतं. चित्र कॉम्प्युटरने बनवलेलं होतं. माझी नजर सगळा वेळ रंगावर आणि क्रेनवर.

मग मी स्वतः पट्टी घेऊन बसलो. कॅटलॉगमध्ये सेंटर हाईट, म्हणजे बेडपासून चकच्या मध्यापर्यंतची उंची, २१५ मिलिमीटर आणि जॉब पकडणारा चक २०० मिलिमीटर व्यासाचा लिहिला होता. चकची त्रिज्या १००, म्हणजे चकच्या खालच्या कडेपासून बेडपर्यंत ११५ मिलिमीटर मोकळं दिसायला हवं, चकच्या निम्म्या व्यासापेक्षा थोडं जास्तच. चित्रात तिथं बोटसुद्धा शिरलं नसतं. फोटो तिरका असेल तर हे माप थोडं इकडेतिकडे होतं, पण इतकं नाही. ही मोजणी पैसे भरायच्या आधी दहा मिनिटांत झाली असती.

कोटेशनवरचा जीएसटी नंबर सरकारी पोर्टलवर टाकला, तर तो एका कापड दुकानाचा निघाला. हेही मी नंतरच पाहिलं.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला, पण पाच दिवस उलटून गेल्यावर. तोवर पैसे पुढच्या खात्यांत गेले होते. गोठवलेल्या रकमेतले ११,००० तेवढे दिसतात, हातात अजून आलेले नाहीत.

आता कुणी मशीन दाखवलं की मी व्हिडिओ मागतो: बेडवर आजची तारीख लिहिलेला कागद ठेवायचा, मशीन चालू करायचं, हाफ नट लावायचा आणि कॅरेज टेलस्टॉकपासून चकपर्यंत चालताना दाखवायचं. गेल्या महिन्यात एकाला हे सांगितलं, तर म्हणाला, "साहेब, मशीन पॅक झालंय." त्याला मी म्हटलं, पॅकिंग फोडायची मजुरी मी देतो. त्यानंतर त्याचा फोन आला नाही.