एमएलआर की डब्ल्यूएलएसएमव्ही? भाषांतर केलेला स्केल दोन गटांवर तपासताना

सीएफए काय असतं ते तुम्हाला माहीत असेलच. गाडी अडते ती इन्व्हेरियन्सला, की लिकर्टचे पाच पर्याय सरळ आकडे समजून एमएलआर लावायचं की ऑर्डिनल धरून डब्ल्यूएलएसएमव्ही. पुस्तकी कौल बहुतेक वेळा दुसऱ्याला मिळतो, "कधीकधी" ते "बऱ्याचदा" हे अंतर काही पट्टीने मोजलेलं नसतं, आणि ते मलाही पटतं.

माझा स्केल कामाच्या ताणाचा, आठ प्रश्न, इंग्रजीतून मराठीत आणलेला. एक गट नाशिक शहरातले ऑफिसवाले, दुसरा दिंडोरीकडे द्राक्षबागेत काम करणारे. आधी डब्ल्यूएलएसएमव्ही लावलं तर lavaan पुढे सरकेचना. चौथा प्रश्न होता "गळून गेल्यासारखं वाटतं", आणि बागेतल्या एकानेही त्यात "कधीच नाही" वर टिक केली नव्हती. ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत दिवसभर हात वर करून उभं राहणारा माणूस कशाला करेल? पण एका गटात रकाना रिकामा म्हणजे तिथला थ्रेशोल्ड निघतच नाही. मग दोन्ही गटांत "कधीच नाही" आणि "क्वचित" एकत्र केले आणि मॉडेल चाललं. मला खटकलं ते इथेच, दोन गट जिथे वेगळे वागत होते नेमकी तीच जागा मी माझ्या हाताने पुसली की!

मग एमएलआर. मेट्रिकला, म्हणजे लोडिंग्ज सारखी धरल्यावर, सीएफआय ०.९५५ होता, इंटरसेप्टही सारखे धरले तर ०.९३१ वर घसरला. साधारण ०.०१ पेक्षा जास्त घसरण म्हणजे गडबड, असं धरतात. (हा आकडा मुळात एमएलवरच्या सिम्युलेशनमधून आलाय, डब्ल्यूएलएसएमव्हीला तो तसाच चिकटवणं मला जरा धाडसाचं वाटतं.) lavTestScore ने बोट दाखवलं ते चौथ्याकडेच, म्हणून तेवढा इंटरसेप्ट मोकळा सोडला:

```r
cfa(m, data = d, group = "gat",
    estimator = "MLR", missing = "fiml",
    group.equal = c("loadings", "intercepts"),
    group.partial = "q4 ~ 1")
```

सीएफआय ०.९५१ झाला. अर्थ सरळ लागतो, ताण तेवढाच असला तरी बागेतला माणूस या प्रश्नाला वरचा आकडा देतो, कारण मूळ इंग्रजी वाक्य मनाच्या थकव्याचं आणि आमचं "गळून जाणं" त्याने अंगमेहनतीचं धरलं. दोन गटांच्या सरासरीतला फरकही त्यानंतर निम्म्यावर आला.

आता एमएलआर बिनधोक आहे असं नाही हं. पर्याय चार किंवा कमी असतील, किंवा एका गटाची उत्तरं एका टोकाला साचली असतील, तर एमएलआर नसलेला फरकही दाखवू शकतं, तिथे मी डब्ल्यूएलएसएमव्हीच घेईन. पाच पर्याय आणि बऱ्यापैकी पसरलेली उत्तरं असतील तर मात्र माझा हात आधी एमएलआरकडे जातो, दुसरं पडताळणीला. आणि गटांची तुलना मॉडेलमधल्या सरासरीवरच करा, कच्च्या बेरजेत तो चौथा प्रश्न अजून तसाच बसलेला असतो.