पोस्टातली स्कीम मधेच मोडायची वेळ आली तर: सिनियर सिटिझन, एमआयएस, टीडी की एनएससी?

वाशीतल्या आमच्या शेजारच्या काकांचं उदाहरण घेते. वय ६२, पेन्शन महिना ३५ हजार, हातात ९ लाख, आणि सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेलीये त्यामुळे वाढीव एरियाचे पैसे कधी भरायला सांगतील याचा काही नेम नाही. अशा माणसाने व्याजदराआधी हे बघावं की मधेच पैसे काढले तर किती जातात, आणि टॅक्सचा फायदा म्हणतात तो त्याला खरंच होणारे का.

टॅक्सचं आधी सांगते कारण ते लवकर संपतं. सिनियर सिटिझन, महिन्याला व्याज देणारी एमआयएस, ठरावीक मुदतीची ठेव म्हणजे टीडी आणि बचतपत्र म्हणजे एनएससी, या चारही स्कीमचं व्याज करपात्र आहे, एकही माफ नाही. ८०सीची दीड लाखाची वजावट सिनियर सिटिझन स्कीम, एनएससी आणि ५ वर्षांच्या टीडीला मिळते, एमआयएसला आणि छोट्या टीडीला नाही, आणि तीही फक्त जुन्या कररचनेत. काकांची पेन्शन वर्षाला ४ लाख २० हजार, वर सिनियर सिटिझनच्या ८.२ टक्क्यांनी ९ लाखांचं व्याज ७३,८००, म्हणजे पाच लाखांच्या आतच, नव्या जुन्या दोन्हीकडे टॅक्स शून्य. टीडीएसही नाही, कारण सिनियरला वर्षाचं व्याज एक लाखावर गेल्याशिवाय तो कापत नाहीत. मग केवळ ८०सी मिळते म्हणून पैसे अडकवायचे कशाला?

आणि ज्यांनी ही वजावट घेतलीये त्यांनी एक लक्षात ठेवा. सिनियर सिटिझन किंवा ५ वर्षांची टीडी पाच वर्षांच्या आत मोडली की ती वजावट उलटते, त्या वर्षाच्या उत्पन्नात धरली जाते. काउंटरवर हे कोणी सांगेलच असं नाही.

आता खरा मुद्दा, मोडण्याचा. समजा काकांना २० महिन्यांनी पैसे लागले.

सिनियर सिटिझनमध्ये पहिल्या वर्षात मोडलं तर व्याजच नाही, दिलेलं असेल तर मुद्दलातून वळतं करतात. एक ते दोन वर्षांत मोडलं तर मुद्दलाचे दीड टक्के कापतात, दोन वर्षांनंतर एक टक्का. म्हणजे २० महिन्यांचं व्याज साधारण १ लाख २३ हजार, कपात १३,५००, हातात उरतात १ लाख साडेनऊ हजार.

एमआयएसला दर ७.४ टक्के, महिन्याला ५,५५० येतात. पहिलं वर्षभर हात लावता येत नाही, मग तीन वर्षांपर्यंत दोन टक्के कपात आणि नंतर एक टक्का. २० महिन्यांचे १ लाख ११ हजार, त्यातून १८ हजार गेले की ९३ हजार. म्हणजे साठी ओलांडलेल्याने एमआयएस घेण्यात मला तरी काही अर्थ दिसत नाही, दर महिन्याला व्याज हवंच असेल तर वेगळं, सिनियर सिटिझनला ते तीन महिन्यांनी येतं.

३ वर्षांच्या टीडीत मुद्दलाला धक्का लागणार नाही असं वाटतं पण इथेच लोक फसतात, कारण इथे कपात व्याजदरात आहे. सहा महिन्यांच्या आत काढताच येत नाही, वर्षाच्या आत काढलं तर सेव्हिंगचे ४ टक्के, आणि वर्षानंतर जेवढी वर्षं पूर्ण झाली तेवढ्याच टीडीच्या दरातून दोन टक्के वजा. काकांचं एकच वर्ष पूर्ण झालेलं, म्हणजे १ वर्षाच्या टीडीच्या ६.९ मधून दोन जाऊन ४.९, आणि उरलेल्या आठ महिन्यांना फक्त ४ टक्के. सगळं मिळून ६८-६९ हजार. वर पहिल्या वर्षाचं व्याज ३ वर्षांच्या टीडीच्या ७.१ ने आधीच दिलेलं असतं ना, तो फरक परत वळता करून घेतात.

५ वर्षांची टीडी, म्हणजे १० नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेली, चार वर्षं मोडताच येत नाही आणि नंतर मोडली तर सेव्हिंगचा दर. एनएससी तर मृत्यू किंवा कोर्टाचा हुकूम असं काही नसेल तर पाच वर्षं मिळतच नाही. काकांनी या दोन्हींचा विचारच करू नये.

काकांना मी सांगितलं की सिनियर सिटिझनच घ्या पण ९ लाख एका खात्यात टाकू नका, कारण थोडी रक्कम काढायची सोय नाही, आख्खं खातं मोडावं लागतं. ३ लाखांची तीन खाती केली आणि तीनच लाख लागले तर २० महिन्यांनी साडेचार हजारच कापले जातील, बाकीची दोन तशीच चालू राहतील. आणि पासबुकवरची उघडल्याची तारीख बघून ठेवा, दोन वर्षं पूर्ण व्हायला पंधरा दिवसच उरले असतील तर बिल्डरकडून तेवढी मुदत मागून घ्या, दर तीन लाखांमागे दीड हजार वाचतात.