कंसातली वजनं: काही महिने वापरल्यावर

गेले काही महिने स्टेबल डिफ्यूजन या मजकुरावरून चित्र बनवणाऱ्या एआय मॉडेलवर चित्रं काढतोय. ते चालवायची टूल्स वेगवेगळी: आधी ऑटोमॅटिक1111, आता बरंचसं कम्फीयूआय. प्रॉम्प्टमधल्या शब्दाला कंसात टाकून त्याचा जोर वाढवण्याची सोय आहे, तिच्याबद्दल माझं मत आता पक्कं झालंय: कंस हे आवाजाचं बटण आहे. गाणं ऐकू येत नसेल तर उपयोग, सूरच चुकला असेल तर नाही.

ऑटोमॅटिक1111 मध्ये गोल कंस लावला की शब्दाचा जोर 1.1 पट होतो. दोन कंस लावले तर 1.21, तीन लावले तर साधारण 1.33. चौकोनी कंसाने तो तितकाच भागला जातो. पण कंसांवर कंस चढवण्यापेक्षा कंसात शब्दापुढे जोराचा, म्हणजे वजनाचा, आकडा लिहिणं कधीही बरं. शब्द निवडून Ctrl धरून वरचा-खालचा बाण दाबला की आकडा आपोआप बदलतो. माझं एक नेहमीचं चित्र घ्या:

```
woman in a blue coat, (red umbrella:1.2), rainy street
```

वजनाशिवाय काही सीडवर, म्हणजे चित्राची सुरुवात ठरवणाऱ्या काही आकड्यांवर, छत्री गायबच व्हायची. 1.2 केल्यावर ती आली आणि बाकीचं चित्र फारसं हललं नाही. इथे कंसाने आपलं काम चोख केलं. मग लाल रंग अजून गडद हवा म्हणून 1.5 करून पाहिलं, तर दोन छत्र्या आल्या, कोटावर तांबूस छटा उतरली आणि कडा करपल्यासारख्या दिसू लागल्या. रंग अंगावर येताहेत, वस्तू दुप्पट होताहेत असं दिसलं की वजन जास्त झालंय असं समजा. सीड तोच ठेवून 0.1 ने खाली या. माझ्यासाठी 1.4 च्या वर फार क्वचित काही चांगलं निघालं.

कोट लाल का झाला, हे कळलं की कंसाची मर्यादाही कळते. क्लिप हा मजकूर वाचणारा भाग प्रत्येक टोकनमध्ये, म्हणजे शब्दात किंवा त्याच्या तुकड्यात, त्याच्या आधीच्या शब्दांचा अर्थ मिसळतो. वजन लावलं जातं ते ही मिसळण झाल्यावर. म्हणजे छत्रीचा जोर वाढवला की तिच्यात आधीच शिरलेला 'निळा कोट'ही थोडा वाढतो. शिवाय लाल रंगाचा जोर चित्रात नेमका छत्रीवरच पडेल याची हमी नसते. कोणता रंग कोणाचा, हे सांगायला कंसाकडे जागाच नाही.

चौकोनी कंसाचा आणखी एक घोळ आहे. `[umbrella:0.5]` लिहिलं की लोकांना वाटतं वजन अर्धं झालं. चित्र टप्प्याटप्प्याने, म्हणजे स्टेपने, तयार होतं; ऑटोमॅटिक1111 मध्ये त्याचा अर्थ 'निम्म्या स्टेप झाल्यावर छत्री घाल' असा होतो. वीस स्टेपचं चित्र असेल तर पहिल्या दहा स्टेपपर्यंत छत्रीचा पत्ता नसतो, आणि तोवर रचना बहुतेक ठरून गेलेली असते. वजन कमी करायचं तर गोल कंसातच `(umbrella:0.5)` लिहायचं. खरोखरचा कंस हवा असेल तर त्याच्याआधी बॅकस्लॅश द्यायचा.

टूल बदललं की आकड्यांचा अर्थही बदलतो. ऑटोमॅटिक1111 वजन लावून झाल्यावर सगळ्याची सरासरी पूर्ववत करतं. कम्फीयूआय तसं करत नाही, म्हणून तिकडचा 1.3 इकडे जास्त झोंबतो. इनव्होक या टूलमध्ये शब्दामागे अधिक-उणे चिन्हं लावतात. डिफ्यूझर्स या पायथन लायब्ररीच्या साध्या पाइपलाइनमध्ये तर कंस समजतच नाहीत, ते मजकूर म्हणून आत जातात आणि टोकन खातात. कुणाचा तयार प्रॉम्प्ट उचलताना तो कुठल्या टूलचा आहे हे आधी पाहा.

फ्लक्स या दुसऱ्या मॉडेलवर आल्यापासून मी कंस जवळपास सोडले. त्यात क्लिपच्या जोडीला टी5 हा मोठा वाचक आहे, आणि त्याला सरळ वाक्य बरंच नीट कळतं. तेच चित्र असं लिहिलं:

```
A woman in a blue coat walks down a rainy street.
She holds a large red umbrella over her head.
```

कोट निळाच राहिला, छत्री लाल आली आणि हातातच आली. छत्री ठळक हवी तर ती चित्रात किती जागा व्यापते, पुढे आहे की मागे, हे वाक्यात लिहायचं. कंस घातले तर परिणाम कधी नगण्य, कधी भलताच. हीच वाक्यं स्टेबल डिफ्यूजन 1.5 ला दिली तर मात्र रंगांची सरमिसळ पुन्हा होते, कारण तिथे क्लिप एकटाच आहे. त्याच्यासाठी स्वल्पविरामांनी तोडलेले छोटे तुकडेच बरे, आणि महत्त्वाचा तुकडा आधी.

एका बाबतीत मात्र कंस आजही हवेसे वाटतात: 'थोडं कमी' म्हणायचं असतं तेव्हा. स्टेबल डिफ्यूजनच्या एसडीएक्सएल आवृत्तीवर जलरंगाची छटा हवी पण चेहरा विरघळायला नको, तर मी `(watercolor:0.8)` लिहितो आणि मग 0.7, 0.75 करून बघतो. वाक्यात 'किंचित जलरंगासारखं' लिहून इतकी बारीक पायरी हाती लागत नाही.