थिसिसची मुदत वाढवून मागताना: नुसती विनंती की हिशोब मांडलेला मेल?

डीआरपीहून, म्हणजे जिल्हा रुग्णालयातल्या पोस्टिंगवरून परतलेला सर्जरीचा एक रेसिडेंट डोळ्यांसमोर आणा. विषय मधुमेहींच्या पायाच्या जखमा, सॅम्पल 80 रुग्णांचं, प्रत्येकाचा फॉलोअप सहा आठवडे. ऑगस्ट सुरू होतोय आणि गाइडना पूर्ण ड्राफ्ट 15 सप्टेंबरला द्यायचाय. कॉलेजमध्ये बांधीव प्रत जमा करायची तारीख 31 डिसेंबर. मुदत मागायची हे ठरलेलंच आहे. मेल कसा लिहायचा, एवढं ठरायचंय.

पहिला मसुदा बहुतेकांच्या हातून आपसूक उतरतो:

> आदरणीय सर, सततच्या ड्युटीमुळे आणि डेटा कलेक्शनला उशीर झाल्यामुळे थिसिस वेळेत पूर्ण होऊ शकली नाही. कृपया एक महिन्याची मुदतवाढ द्यावी, ही नम्र विनंती.

यात खोटं काही नाही, भाषाही नम्र आहे. पण सरांना यातून निर्णय घेता येत नाही. ड्युटी सगळ्याच रेसिडेंट्सना असते. शिवाय अनेक ठिकाणी गाइड हेच युनिट हेड असतात, म्हणजे ड्युटी लावणारेही तेच. तिथे ‘सततच्या ड्युटीमुळे’ हे शब्द तक्रारीसारखे वाचले जातात.

दुसरा मसुदा असा:

> आदरणीय सर,
> थिसिसच्या 80 पैकी 68 रुग्णांची नोंद झाली आहे. एरवी महिन्याला सरासरी 6 रुग्ण मिळत होते. मे ते जुलै मी डीआरपीवर असल्याने जखमांच्या ओपीडीला येऊ शकलो नाही आणि त्या तीन महिन्यांत सहकाऱ्यांच्या मदतीने फक्त 3 रुग्ण नोंदवता आले.
> उरलेले 12 रुग्ण सप्टेंबरअखेर पूर्ण होतील. शेवटचा फॉलोअप 11 नोव्हेंबरला आणि विश्लेषण 25 नोव्हेंबरपर्यंत संपेल. पूर्ण ड्राफ्टसाठी 30 नोव्हेंबरपर्यंत मुदत द्यावी, ही विनंती. प्रस्तावना, संदर्भ साहित्याचा आढावा आणि कार्यपद्धती ही प्रकरणे ठरल्याप्रमाणे 15 सप्टेंबरलाच आपल्याकडे देतो.
> डीआरपीचा आदेश आणि रुग्णनोंदीचा तक्ता सोबत जोडला आहे.

दोन्हींतला खरा फरक लांबीचा नाही. दुसरा मेल लिहायला बसलं की हिशोब करावाच लागतो आणि एक महिना पुरणार नाही हे तिथेच कळतं. पहिल्या मेलवर 15 ऑक्टोबर मिळाली असती. त्या तारखेला 80 वा रुग्ण नोंदलेला असेल, पण सप्टेंबरमध्ये आलेल्यांचे सहा आठवडे भरलेले नसतील. मग दुसऱ्यांदा मुदत मागावी लागते, आणि ती मागणी पहिलीपेक्षा फार अवघड असते. फॉलोअपचे हे आठवडे हिशोबातून हमखास निसटतात.

ड्युटीचा उल्लेखही इथे वेगळ्या तऱ्हेने येतो. किती थकलो, किती नाइट्स केल्या, हे मेलमध्ये नाही. कोणत्या पोस्टिंगमुळे कोणती ओपीडी हुकली आणि त्यामुळे किती रुग्ण कमी पडले, एवढंच आहे. डीआरपी सक्तीची असते, तिचा लेखी आदेश असतो, त्यामुळे कारण तपासताही येतं. आयसीयू पोस्टिंग असेल तर तेही तारखांसकट असंच लिहा.

दुसऱ्या मसुद्याला मर्यादा आहेत. 30 नोव्हेंबरनंतर सरांच्या दुरुस्त्या, छपाई आणि बांधणीला जेमतेम महिना उरतो, म्हणून आधीची प्रकरणं सप्टेंबरमध्येच देणं हा त्या मेलचा कणा आहे. ती जमणार नसतील तर ते वाक्य लिहू नका. दुसरं म्हणजे सर फक्त त्यांनी स्वतः ठरवलेली तारीख पुढे ढकलू शकतात. अंतिम परीक्षेच्या किमान सहा महिने आधी थिसिस जमा व्हावी लागते आणि विद्यापीठाची तारीख गाइडच्या हातात नसते. हिशोब त्या तारखेपलीकडे जात असेल तर मेलमध्ये मुदत न मागता भेटीची वेळ मागा, कारण मग विभागप्रमुख आणि अधिष्ठात्यांमार्फत अर्ज करायचा की सॅम्पल कमी करायचं, हा प्रश्न उभा राहतो. सॅम्पल कमी करायचं झालं तर आधी संख्याशास्त्रज्ञांचं मत आणि एथिक्स कमिटीची दुरुस्तीला मंजुरी लागते. परस्पर 70 वर थांबणं किंवा फॉलोअप सहाऐवजी चार आठवड्यांचा करणं म्हणजे मंजूर प्रोटोकॉल मोडणं, आणि ते परीक्षकाला तक्त्यात सहज दिसतं.

माझा कौल डेटा अपुरा असेल तेव्हा निःसंशय दुसऱ्या मसुद्याला. डेटा पूर्ण आहे, फक्त लिखाण आठवडाभर मागे आहे, तर पहिल्यासारखे दोन-तीन ओळींचे मेल पुरतात. त्यात नेमकी नवी तारीख मात्र घाला. दोन्ही बाबतीत राउंडनंतर सरांशी आधी बोला आणि त्याच दिवशी मेल पाठवा. व्हॉट्सअ‍ॅपवरचं ‘ओके’ पुढे शोधूनही सापडत नाही.